प्रोटीन, युरिक ॲसिड आणि सुजलेला अंगठा

श्रोतेहो, नमस्कार.

जिममध्ये जाणाऱ्यांना एक प्रश्न हमखास पडतो, आणि त्यांच्या आईवडिलांना त्याहून जास्त पडतो. एवढं प्रोटीन खाऊन युरिक ॲसिड वाढणार नाही का? गाऊट, म्हणजे युरिक ॲसिडमुळे सांधा सुजून ठणकण्याचा आजार, होणार नाही का? याला एका शब्दात हो किंवा नाही म्हणता येत नाही, म्हणून एक उदाहरण घेऊन बघू.

समजा, पुण्यातला अडतीस वर्षांचा एक माणूस आहे. दिवसभर खुर्चीत बसून काम, वजन ऐंशीच्या पुढे, वडिलांना पूर्वी गाऊटचा त्रास झालेला. त्यानं मनावर घेतलं. भात-पोळी बंद केली आणि रोज अर्धा किलो उकडलेलं चिकन सुरू केलं. चिकन उकडलेलं पाणीही तो मीठ-मिरी घालून पितो, फुकट कशाला घालवायचं म्हणून. दुपारपर्यंत उपाशी राहतो, भरपूर घाम गाळतो आणि शनिवारी मित्रांबरोबर बिअर घेतो. दीड महिन्यात सात-आठ किलो उतरले, सगळे कौतुक करतात. आणि एका रात्री तीनच्या सुमारास पायाच्या अंगठ्याचा सांधा असा ठणकायला लागतो की चादरीचा स्पर्शही सहन होत नाही. सकाळी तो लालभडक, गरम आणि सुजलेला.

घरचे म्हणणार, प्रोटीन बाधलं. पण नेमकं काय बाधलं, ते पाहण्यासारखं आहे.

युरिक ॲसिड प्रोटीनपासून तयार होत नाही. ते होतं प्युरीन नावाच्या घटकापासून, आणि प्युरीन असतं पेशींच्या आत. म्हणून ज्या पदार्थात पेशी दाटीवाटीनं भरलेल्या असतात, त्यात प्युरीन जास्त. कलेजी, गुर्दा, तारली, बांगडा, कोळंबी, आणि सुकी मासळी तर फारच, कारण पाणी उडून गेलं तरी प्युरीन मागेच राहतं. चिकनच्या छातीच्या मांसात शंभर ग्रॅमला साधारण 140 मिलिग्रॅम प्युरीन असतं. म्हणजे आपल्या माणसाच्या पोटात फक्त चिकनमधून रोज 700 मिलिग्रॅम जात होतं. जपानमध्ये गाऊटच्या रुग्णांना दिवसाला 400 मिलिग्रॅमच्या आत राहायला सांगतात. शिवाय मांस उकडताना प्युरीनचा बराच भाग पाण्यात उतरतो. त्यानं टाकून द्यायला हवं होतं नेमकं तेच पाणी.

उलट अंड्यात आणि दुधात प्रोटीन भरपूर, पण प्युरीन जवळजवळ नाहीच. अमेरिकेत सत्तेचाळीस हजारांवर पुरुषांचा बारा वर्षं मागोवा घेतलेला एक अभ्यास 2004 साली प्रसिद्ध झाला. मांस आणि मासे सर्वात जास्त खाणाऱ्यांत गाऊट जास्त आढळला. दूधदुभतं सर्वात जास्त घेणाऱ्यांत तो जवळपास निम्माच दिसला. एकूण प्रोटीनशी गाऊटचा संबंध दिसला नाही. डाळी, पालक, मटार, मश्रूम अशा प्युरीन असलेल्या भाज्यांशीही नाही. तरी आपल्याकडे युरिक ॲसिड वाढलं की पहिली कुऱ्हाड पडते ती तुरीच्या वरणावर, आणि बांगडा मात्र ताटात राहतो. हे मला कधी कळलेलं नाही.

पण सगळा दोष चिकनवर टाकायलाही मी तयार नाही. शरीरातलं सुमारे दोन-तृतीयांश युरिक ॲसिड आपल्याच पेशींच्या मोडतोडीतून येतं, जेवणातून साधारण एक-तृतीयांश. आणि ज्यांचं वाढतं, त्यांच्यापैकी बहुतेकांत ते जास्त तयार होत नसतं, तर मूत्रपिंडातून पुरेसं बाहेर जात नसतं. ही ठेवण पुष्कळदा घराण्यातून येते. आपल्या माणसाला ती वडिलांकडून आली असणार.

त्यात भर पडली ती डाएटच्या पद्धतीची. पिष्टमय पदार्थ बंद केले आणि उपास केले की शरीर चरबी जाळतं आणि त्यातून तयार होणारे कीटोन रक्तात वाढतात. कीटोन आणि युरिक ॲसिड मूत्रपिंडातून बाहेर पडायला एकाच वाटेवर येतात. कीटोनची गर्दी झाली की युरिक ॲसिड मागे राहतं. घामानं पाणी कमी झालेलं, वर बिअर, जिच्यात प्युरीनही आहे आणि अल्कोहोलही. शंभर मिलिलिटर रक्तात 6.8 मिलिग्रॅमच्या वर युरिक ॲसिड गेलं की ते विरघळलेलं राहीलच असं नाही, त्याचे सुईसारखे स्फटिक सांध्यात बसू शकतात. पायाचा अंगठा शरीरातला गार भाग, आणि गार चहात साखर तळाशी राहावी तसे ते तिथे आधी साचतात.

आता पुढची गंमत. दुखत असतानाच त्यानं रक्त तपासलं आणि रिपोर्ट आला 5.9. 'गाऊट नाही, मुरगळला असेल' असं कुणीतरी सांगून मोकळं झालं. पण गाऊटचा झटका चालू असताना रक्तातलं युरिक ॲसिड खाली आलेलं असू शकतं. सूज पूर्ण उतरल्यावर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तपासलं, तेव्हा ते 8.7 निघालं. शंका राहिली तर सांध्यातलं पाणी काढून सूक्ष्मदर्शकाखाली स्फटिक पाहतात. पक्कं निदान तेच.

त्यानं प्रोटीन सोडायचं का? गरज नाही. ऐंशी किलोच्या माणसाची रोजची मूळ गरज 66 ग्रॅमच्या आसपास आहे. तीन अंडी, अर्धा लिटर दूध, शंभर ग्रॅम पनीर आणि दोन वाट्या वरण यांतून तेवढं सहज मिळतं. भाकरीतलं वेगळंच. व्यायामामुळे जास्त हवं असेल तर व्हे पावडर चालेल, ती दुधाचीच असते. चिकन आठवड्यातून दोन-तीनदा, बेताचं. वजन महिन्याला दोन-तीन किलोच उतरू दे. बिअर बंद, आणि साखरेची शीतपेयंही बंद, कारण त्यांतलं फ्रुक्टोजही युरिक ॲसिड वाढवतं. एवढं करूनही आकडा साधारण एकानंच खाली येतो. झटके वारंवार यायला लागले तर युरिक ॲसिड कमी करणारी गोळी लागते, आणि आकडा सहाच्या खाली ठेवावा लागतो. गोळी सुरू केल्यावर पहिले काही महिने झटके वाढू शकतात. तेव्हा घाबरून ती मनानं बंद करू नका.

मग ताटावर लक्ष कुणी ठेवायचं? ज्यांना एकदा झटका आलाय, ज्यांना युरिक ॲसिडचे खडे झालेत, ज्यांच्या जवळच्या नात्यात गाऊट आहे. ब्लडप्रेशरसाठी लघवी वाढवणारी गोळी किंवा हृदयासाठी रोज कमी मात्रेची ॲस्पिरिन घेणाऱ्यांनीही, पण गोळी स्वतःहून थांबवायची नाही, डॉक्टरांना विचारायचं. टीबीच्या पायराझिनामाइड गोळीनंही आकडा चढतो. पाळी थांबलेल्या बायकांनी 'हा पुरुषांचा आजार' म्हणून निर्धास्त राहू नये, इस्ट्रोजेनचं संरक्षण तेव्हा संपलेलं असतं. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांचं गणित वेगळं आहे. त्यांनी अंड्या-दुधाचं प्रोटीनही डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाढवू नये.

कधीच काही दुखलं नाही आणि रिपोर्टमध्ये नुसतं 7.4 आलं, तर बहुधा औषध लागत नाही. तसे अनेक जण आयुष्यभर झटक्याविना राहतात. मात्र सांधा सुजलाय आणि त्याबरोबर थंडी वाजून तापही आलाय, तर युरिक ॲसिडच्या रिपोर्टची वाट पाहू नका. तो सांध्यातला जंतुसंसर्ग असू शकतो, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

नमस्कार.