वर्गणीदाराला कळणारा हिशेब

(कोल्हापुरात पेठांमधल्या तालमी आणि तरुण मंडळांच्या खजिनदारांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, तुमच्यापैकी बहुतेकांनी पावती पुस्तक घेऊन दारोदार वर्गणी गोळा केलेली आहे. अनंत चतुर्दशीची मिरवणूक संपते, मूर्ती इराणी खणीत विसर्जित होते, आणि मग आठवडाभरात चौकातल्या फलकावर जमाखर्च लागतो. माणसं तो वाचतात आणि पुढं जातात. कुणी भांडत नाही, म्हणून आपण समजतो की हिशेब सगळ्यांना पटला. माझं म्हणणं असं आहे की बऱ्याचदा तो त्यांना कळलेलाच नसतो. पैसे खाल्ले जात नाहीत, खजिनदार सचोटीचा असतो, तरीही लिहिलेला हिशेब चुकीचा असतो. हे कसं होतं ते आज एका उदाहरणावरून पाहू.

उदाहरणातलं मंडळ कल्पित आहे, आकडेही मी सोयीचे घेतलेत. गल्लीतला मध्यम आकाराचा गणपती आहे. फलकावर असं लिहिलंय: एकूण जमा १,२७,८५० रुपये. खर्च: मूर्ती १८,०००, मांडव व रोषणाई ३२,५००, मिरवणूक २१,०००, इतर ३९,७५०. एकूण खर्च १,११,२५०. शिल्लक १६,६००.

बेरीज बरोबर आहे, वजाबाकी बरोबर आहे. आता खजिनदार पेटीतली रोकड मोजतो, बँकेचं पासबुक बघतो. पेटीत २,५०० आणि खात्यात १४,६००, म्हणजे हातात १७,१०० रुपये आहेत. फलकापेक्षा पाचशे रुपये जास्तच. पैसे कमी पडले असते तर रात्रभर शोधाशोध झाली असती. जास्त आहेत म्हटल्यावर कुणीतरी म्हणतं, "असू दे, एखादी पावती लिहायची राहिली असेल," आणि विषय संपतो.

तो तिथं संपू देऊ नका. त्या पाचशेच्या मागे दोन मोठ्या चुका लपल्यात. पहिली चूक जमेच्या बाजूला आहे. चार घरांनी मिळून ५,५०० रुपये देतो म्हटलं, कार्यकर्त्यानं उत्साहात पावत्या फाडल्या, पैसे मात्र आलेच नाहीत. पावती फाटली म्हणून ती रक्कम जमेत धरली गेली. दुसरी चूक खर्चाच्या बाजूला आहे. मांडववाल्याचं बिल ३२,५०० चं, पण त्याला आतापर्यंत २६,५०० दिलेत. उरलेले ६,००० द्यायचेत, ते अजून आपल्याच खात्यात पडून आहेत. न आलेले साडेपाच हजार एका बाजूला, न दिलेले सहा हजार दुसऱ्या बाजूला. दोन्ही एकमेकांना खाऊन बाहेर दिसतो तो फक्त पाचशेचा फरक. पुढच्या महिन्यात मांडववाला सहा हजार घेऊन जातो, हातात ११,१०० उरतात, आणि फलक वाचलेला माणूस विचारतो, "सोळा हजार सहाशे होते, त्यांचं काय झालं?" त्या प्रश्नाला प्रामाणिक खजिनदाराकडेही पटकन देता येईल असं उत्तर नसतं. संशय इथून सुरू होतो.

म्हणून हिशेब लिहायला बसताना पहिलं काम बेरजेचं नाही. आधी पैसे मोजा. पेटी आणि पासबुक मिळून जो आकडा येईल तो कागदाच्या तळाशी लिहा आणि मग वरचा जमाखर्च त्या आकड्याला येऊन मिळतो का ते पाहा. एक रुपयाचाही फरक राहिला, मग तो कमी असो की जास्त, तर तो शोधायचा.

या गोंधळाचं मूळ पावतीत आहे. आपल्याकडची नेहमीची छापील पावती आठवा: "श्री. अमुक यांजकडून सार्वजनिक गणेशोत्सवासाठी रुपये इतके साभार पोहोचले." खाली एक गिरगटलेली सही. पैसे रोख आले की यूपीआयनं, कुणी घेतले, कुठल्या तारखेला, हे काहीच त्यातून कळत नाही. आणि "पोहोचले" असं छापलेली पावती पैसे न पोहोचताच फाडली, की मंडळानं स्वतःच्या सहीनं खोटं लिहून दिलं असं होतं. नुसता शब्द देणाऱ्यांची नावं साध्या वहीत लिहा. पैसे हातात आले किंवा खात्यात दिसले की मगच पावती.

पावतीत मी एवढे बदल करीन. वर मंडळाचं नाव, पत्ता आणि उत्सवाचं वर्ष. त्याखाली वर्गणी गोळा करायच्या परवानगीचा क्रमांक. नोंदणी नसलेल्या मंडळाला महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ क खाली धर्मादाय कार्यालयाकडून ही परवानगी घ्यावी लागते. ती तुम्ही घेताच, मग तिचा क्रमांक छापायला संकोच कशाला? पावतीचा अनुक्रमांक छापीलच हवा, हातानं घातलेला नको. रक्कम आकड्यांत आणि अक्षरांत. मग मजकूर असा: "वरील रक्कम रोख / यूपीआयने / धनादेशाने मिळाली." लागू नसेल ते खोडायचं. यूपीआय असेल तर व्यवहार क्रमांकाचे शेवटचे चार अंक लिहायचे, म्हणजे खात्याच्या उताऱ्याशी पावती जुळवता येते. शेवटी पैसे घेणाऱ्याची सही आणि सहीखाली वाचता येईल असं नाव. "खजिनदार" एवढंच छापून भागत नाही, कारण दारात पैसे घेणारा बहुतेक वेळा खजिनदार नसतोच.

क्यूआर कोडबद्दल थोडं सांगतो. पुष्कळ मंडळांत तो एखाद्या कार्यकर्त्याच्या स्वतःच्या खात्याचा असतो. वर्गणीदाराच्या मोबाइलवर मंडळाच्या ऐवजी त्या पोराचं नाव येतं, आणि त्याच खात्यातून त्याचं पेट्रोल आणि किराणाही जातो. मंडळाचं खातं असणं सगळ्यात उत्तम. ते होईपर्यंत निदान असं खातं वापरा ज्यात वर्गणीखेरीज दुसरा व्यवहार नाही, आणि खातं कुणाच्या नावावर आहे ते पावतीवर स्पष्ट छापा.

दुकानदार कधी कधी "८०जीची पावती द्या" म्हणतात. आयकराची ती मान्यता तुमच्या संस्थेला नसेल तर पावतीवर करसवलतीचा उल्लेखही करू नका. धर्मादाय कार्यालयाची परवानगी वेगळी आणि ही मान्यता वेगळी.

आता फलकाकडं येऊ. त्या उदाहरणातली "इतर ३९,७५०" ही ओळ बघा. एकूण खर्चाच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त रक्कम एका शब्दात गुंडाळलीय. उघडून पाहिलं तर तिच्यात महाप्रसादाचे २४,८००, फुलं, पूजा साहित्य आणि गुरुजींची दक्षिणा ७,३५०, मुलांच्या स्पर्धा आणि रक्तदान शिबिर ५,४००, आणि छपाई २,२०० आहेत. मंडळाला ज्याचा अभिमान वाटावा असा खर्च नेमका "इतर" मध्ये गेलाय. प्रत्येकाची स्वतंत्र ओळ करा. ज्या खर्चाचं बिल मिळत नाही, म्हणजे हमाली किंवा ट्रॅक्टरवाल्याचं भाडं, त्याला व्हाउचर लिहून पैसे घेणाऱ्याची सही घ्या.

जमेची बाजू मी पुस्तकवार लिहीन. ५० पावत्यांची चार पुस्तकं छापली. पहिल्यात ३४,१५० जमले, दुसऱ्यात २८,९००, तिसऱ्यात २७,४५० आणि चौथ्यात १९,२५०. एकूण १,०९,७५०. त्यातले ६८,४५० रोख, ४१,३०० यूपीआयनं. गेल्या वर्षीची शिल्लक १२,६०० त्यात मिळवली की १,२२,३५० होतात. पुस्तकवार लिहिण्याचा फायदा वर्गणीदाराला होतो. त्याच्या पावतीचा क्रमांक ७३ असेल तर आपले पैसे २८,९०० मध्ये आहेत हे त्याला कळतं, आणि वाटलं तर त्या एका पुस्तकाच्या स्थळप्रतींची बेरीज तो स्वतः करून बघू शकतो. कुणी किती दिले याची नावनिशी यादी चौकात लावण्याच्या मी विरुद्ध आहे. शंभर रुपये देणाऱ्याला तिथं कमीपणा वाटतो, आणि बेरीज तपासायला त्या यादीचा उपयोगही होत नाही.

सगळं जुळवल्यावर निवेदनाचा शेवट असा होईल:

"पावती क्र. १ ते १७६ वापरल्या, त्यांपैकी ५ रद्द. क्र. १७७ ते २०० कोऱ्या, मंडळाकडे जमा. एकूण जमा १,२२,३५०. एकूण खर्च १,११,२५०, त्यापैकी मांडवाचे ६,००० देणे बाकी. हाती रोख २,५०० व खात्यात १४,६००, मिळून १७,१००. देणे भागवल्यावर शिल्लक ११,१००. कबूल झालेली पण न आलेली वर्गणी ५,५०० रुपये जमेत धरलेली नाही. महाप्रसादासाठी तांदूळ व तेल वस्तुरूपाने मिळाले, त्यांची किंमत या हिशेबात धरलेली नाही. बिले व स्थळप्रती मंडळाच्या कार्यालयात पाहता येतील."

रद्द पावत्यांचा उल्लेख मुद्दाम केलाय. त्या पाचांपैकी चार या पैसे न येताच फाडलेल्या पावत्या आहेत, त्या परत घ्याव्या लागतील. दोन्ही प्रती पुस्तकात टाचून त्यांवर आडवं "रद्द" लिहायचं. मूळ प्रत गायब असलेली रद्द पावती म्हणजे कुणीतरी पैसे घेऊन पावती दिली आणि नोंद दडवली, असं समजायला जागा राहते.

समोरून एका कार्यकर्त्यानं चांगला प्रश्न विचारलाय की उत्सवाची वर्गणी मदतकार्याला वळवली तर कशी दाखवायची. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेला महापूर आला आणि २ सप्टेंबरला गणपती बसले, तेव्हा हा प्रश्न कोल्हापुरात प्रत्यक्ष होता. मदतीसाठी नव्यानं पैसे गोळा करणार असाल तर पुस्तक वेगळं छापा, पावतीवर "पूरग्रस्त साहाय्य" असा हेतू छापा, आणि त्या कामासाठी परवानगी वेगळी लागते का ते धर्मादाय कार्यालयात आधी विचारा. गणपतीच्या पुस्तकावर मदतीचे पैसे घेऊ नका, कारण नंतर ते वेगळे काढता येत नाहीत. आणि उत्सवाच्या शिल्लकीतून काही द्यायचं असेल तर ते "इतर" मध्ये घालू नका. मंडळाच्या बैठकीत ठराव करा, आणि निवेदनात शिल्लकीच्या खाली वेगळी ओळ लिहा: इतकी रक्कम, अमुक तारखेच्या ठरावानं, अमुक संस्थेला दिली, तिची पावती मंडळाकडे आहे.