वारा मागनं येतोय

दसरा चौकात गाडी लावायला जागा शोधण्यात वीस मिनिटं गेली. पण आजचा विषयच उशिराचा आहे, तेव्हा संयोजकांनी तो प्रात्यक्षिकाचा भाग समजावा. (हशा)

पुढच्या रांगांत विद्यार्थी दिसतायत, मागं शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या कारखान्यांतली मंडळी आहेत. त्यामुळे मीली यंत्र आणि मूर यंत्र मुळापासून सांगत बसत नाही. मीलीचं आउटपुट अवस्था, म्हणजे आधी काय आलं याची यंत्रानं ठेवलेली आठवण, आणि त्या क्षणाचं इनपुट, दोन्हींवर ठरतं. मूरचं फक्त अवस्थेवर. जॉर्ज मीलीचा लेख १९५५चा, एडवर्ड मूरचा १९५६चा, आणि दोघंही बेल लॅब्सचे. एका आस्थापनेतली दोन माणसं, आणि आपण त्यांना सत्तर वर्षं प्रश्नपत्रिकेत एकमेकांसमोर उभं करतोय.

माझी तक्रार तीच आहे. ‘खालील मीली यंत्राचे मूर यंत्रात रूपांतर करा.’ पोरं तक्ता आखतात, अवस्था फोडतात, मार्क घेतात. या जादा अवस्था नेमकं काय सांभाळतात, हे विचारत कोणी नाही. मीही कधी विचारलं नव्हतं. मला ते एका कन्व्हेअरनं शिकवलं.

शिरोलीच्या बाजूचा एक कारखाना, नाव सांगत नाही. पट्ट्यावरून ओतीव तुकडे एकामागून एक यायचे. काहींच्या वरच्या अंगाला मधोमध खाच असायची, काही सपाट. खाचवाल्यांना वाऱ्याच्या झोतानं बाजूच्या टोपलीत ढकलायचं, एवढंच काम. पट्टा सेकंदाला २०० मिलिमीटर सरकायचा आणि दर २० मिलिमीटरला एन्कोडर एक पल्स द्यायचा. तोच आमचा क्लॉक, अवस्था फक्त त्यावर बदलायची. वर प्रॉक्सिमिटी सेन्सर. लोखंड दिसलं की १, नाही दिसलं की ०. खाचवाला तुकडा म्हणजे १०१, सपाट म्हणजे १११. दोन तुकड्यांमध्ये निदान दोन पल्स मोकळे राहतील याची काळजी भरणारा माणूस घ्यायचा. आता १०१ ओळखणारं सर्किट इथला दुसऱ्या वर्षाचा पोरगाही काढेल.

मी तीन अवस्थांचं मीली यंत्र केलं. ‘अ’ म्हणजे हाती काही नाही, ‘ब’ म्हणजे नुकताच १ दिसला, ‘क’ म्हणजे १ आणि मग ० दिसला. ‘क’मध्ये असताना १ आला की वाऱ्याचा व्हॉल्व्ह उघडायचा आणि ‘ब’मध्ये जायचं. नेटकं, सुटसुटीत. मला माझाच अभिमान वाटला होता.

दुसऱ्या दिवशी फोन. काउंटर ११२ म्हणतोय आणि टोपलीत ११९ तुकडे. जादाचे सगळे सपाट. मी सेन्सर बदलला. मग केबल बदलली. मग शेजारच्या वेल्डिंग मशीनला दोष दिला, कारण आपल्याकडे काहीही बिघडलं की आधी वेल्डिंगवाला आरोपी. (हशा) ते मशीन दोन तास बंद ठेवायला लावलं. वेल्डर बिडी ओढत माझ्याकडं बघत बसला होता, ती नजर अजून आठवते. तुकडे जादा ते जादाच.

शेवटी स्टूल टाकून पट्ट्याशेजारी बसलो आणि नुसता व्हॉल्व्हचा आवाज ऐकत राहिलो. खाचवाल्या तुकड्याला ‘टॅक्’ असा ठसठशीत आवाज. मधूनच, सपाट तुकड्याची शेपूट सेन्सरखालून गेल्यावर, एक बारीक ‘टिक्’. काउंटर मात्र हलत नव्हता. तिथं डोक्यात उजेड पडला. कुठलाही तुकडा संपला की शेवटचा १ आणि मग ०, म्हणजे यंत्र ‘क’मध्ये जाणारच. आता पुढचा पल्स येईपर्यंत एक दशांश सेकंद ते तिथं थांबून आहे. तेवढ्यात पट्ट्यावरचा लोखंडाचा चुरा सेन्सरखालून गेला, किंवा पट्टा थरथरला, की क्षणभर १ दिसतो. मीलीचं आउटपुट थेट इनपुटला बांधलेलं, म्हणून व्हॉल्व्ह उडतो. पल्स येतो तेव्हा इनपुट परत ० झालेलं असतं. अवस्था मुकाट ‘अ’वर जाते आणि पल्सवर मोजणाऱ्या काउंटरला यातलं काहीच कळत नाही. व्हॉल्व्हची टिकटिक आणि काउंटर यांचा मेळ बसेना, की समजायचं, इनपुट क्लॉकला न विचारता परस्पर आउटपुटला पोचतंय.

मग तिथंच बसून मूर केलं. व्हॉल्व्ह फक्त पल्सवर उघडणार आणि पुढच्या पल्सपर्यंत उघडाच राहणार. टिकटिक बंद. चहा सांगितला. चहा यायच्या आत पट्ट्यावरचा ऑपरेटर म्हणाला, “सायेब, वारा मागनं येतोय, माल पुढं गेला.”

पाच मिनिटांची चिठ्ठी आली. म्हणजे मीलीचं मूर कसं करायचं, हे जे सांगायचं कबूल केलं होतं, ते आता पळवत सांगतो.

प्रत्येक अवस्थेत येणारे बाण बघायचे. ‘अ’मध्ये येणारे सगळे बाण आउटपुटचा ० घेऊन येतात, ‘क’मध्ये येणारेही. ‘ब’मध्ये मात्र ‘अ’कडून आणि ‘ब’कडून येणारे ० आणतात, ‘क’कडून येणारा १ आणतो. म्हणून फक्त ‘ब’ फोडायची. ब० आणि ब१. दोघींतून बाहेर जाणारे बाण जसेच्या तसे, फरक फक्त ब१मध्ये व्हॉल्व्ह उघडा असण्याचा. तीनाच्या चार अवस्था झाल्या. वरची मर्यादा अवस्था गुणिले आउटपुट, म्हणजे इथं सहा, पण दरवेळी तेवढ्या लागत नाहीत. एकेक बिट धरून ठेवणारे फ्लिप-फ्लॉप आधीही दोन, आताही दोनच.

फुकटात सुटलो असं समजू नका. एकेक बिट घेऊन बेरीज करणाऱ्या यंत्राला मीली पद्धतीत दोनच अवस्था पुरतात, हातचा ० आणि हातचा १. दोन्हींत बेरजेचा ०सुद्धा येतो आणि १सुद्धा, म्हणून मूरमध्ये चार होतात. एकाचे दोन फ्लिप-फ्लॉप. त्यातला दुसरा काय धरून ठेवतो? नुसतं आउटपुट. मीलीच्या आउटपुटवर एक फ्लिप-फ्लॉप बसवला असता तरी हेच झालं असतं. साधा इन्व्हर्टर घ्या. मीली म्हणून त्याला एकच अवस्था, म्हणजे स्मृती शून्य. मूर केलं की दोन.

आता उशीर. १०१०१ दिलं तर मीली ००१०१ देतं. मूर सुरुवातीच्या अवस्थेचा ० आधीच बोलून बसतं आणि मग ००१०१, एकूण सहा. कागदावर तो पहिला ० खोडला की दोन्ही सारखी. पट्ट्यावर खोडता येत नाही. तिथं पल्सची वाट बघण्यात माल २० मिलिमीटरपर्यंत पुढं जातो. आणि डेटा पाठवणाऱ्या सर्किटला ‘थांब’ म्हणणारं आउटपुट असं मूर केलंत, तर समोरचा एक क्लॉक उशिरा थांबतो आणि एक शब्द जादा पाठवतो. तो ठेवायला एक जागा आधीच राखावी लागते, नाहीतर तो हरवतो. उलट दोन मीली यंत्रं एकमेकांच्या इनपुटला जोडलीत, तर मध्ये एकही फ्लिप-फ्लॉप नसलेली वेटोळी तयार होऊ शकते. त्यातलं एक तरी मूर हवंच.

वारा सोडणाऱ्या नोझलचं राहिलं. ते ज्या पट्टीवर होतं, तिच्यावर २० मिलिमीटर पुढं नवं भोक पाडून नोझल तिथं बसवलं. जुन्या भोकात ऑपरेटरनं एक बोल्ट घालून ठेवला. मी विचारलं, हा कशाला? तर म्हणाला, “तुमी परत बदलला तर?”