झोपून मोजलेलं पोट आणि सूत्रातलं पोट

पोटाची चरबी मोजायची म्हटली की आपण कमरेला टेप लावतो. पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांसाठी ८०, ही भारतीयांची मर्यादा इथल्या बऱ्याच जणांना पाठ असेल. टेप स्वस्त आहे, कामाचा आहे आणि माझ्या दवाखान्यात तो रोज वापरात असतो. पण घेरात आलेली चरबी कातडीखालची आहे की आतली, हे टेपला सांगता येत नाही. कातडीखालची चरबी चिमटीत धरता येते. आतली आतड्यांभोवती, पोटाच्या स्नायूंच्या मागे साठते, आणि मधुमेह व हृदयविकार यांच्याशी तिचं नातं जास्त घट्ट आहे.

आपल्याकडे हा फरक महत्त्वाचा का, ते पुण्यातल्या एका उदाहरणावरून कळतं. के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन यडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचाच शेजारी-शेजारी उभा असलेला फोटो छापला. बीएमआय दोघांचाही २२.३. शरीरातली चरबी मात्र यडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. वजन आणि उंची यांच्या पलीकडचं काही मोजावं लागतं, ते यासाठी. आज मी अशा दोन मापांबद्दल बोलणार आहे. दोन्ही पोटाचीच मापं म्हणून ओळखली जातात, पण माझ्या मते त्यातलं एकच आपल्याला नवीन माहिती देतं.

आधी ॲब्डॉमिनल व्हॉल्यूम इंडेक्स, म्हणजे एव्हीआय. मेक्सिकोतल्या गेरेरो-रोमेरो आणि रोड्रिगेझ-मोरान या संशोधकांनी २००३ मध्ये तो मांडला. दंडगोल आणि शंकू यांच्या घनफळाच्या गणितावरून पोटाचं घनफळ लिटरमध्ये काढायचं, ही त्यामागची कल्पना. मापं सेंटिमीटरमध्ये घ्यायची:

```
एव्हीआय = [२ × कंबर² + ०.७ × (कंबर − नितंब)²] ÷ १०००
```

सूत्र भारदस्त दिसतं, म्हणून एकदा आकडे घालून बघू. कंबर ९६, नितंब ९८. पहिला भाग १८,४३२ येतो. दुसरा भाग फक्त २.८. हजाराने भागलं की १८.४ लिटर. आता नितंब ९८ ऐवजी १०६ धरा. आठ सेंटिमीटर म्हणजे शरीराची ठेवण बदलली म्हणायला हरकत नाही, पण उत्तर १८.५ येतं. उलट नितंब तेच ठेवून कंबर एकाच सेंटिमीटरने वाढवली, तर उत्तर १८.८. म्हणजे टेप जरा तिरका लागला तर जो फरक पडतो, तो आठ सेंटिमीटर नितंबांपेक्षा मोठा ठरतो.

शिवाय दुसऱ्या भागात वर्ग आहे. नितंब कमरेपेक्षा दहा सेंटिमीटरने मोठे असोत की कंबर नितंबांपेक्षा दहाने मोठी असो, सूत्र दोघांना सारखीच भर घालतं. वास्तविक नितंब-मांड्यांवरची चरबी तुलनेने निरुपद्रवी मानली जाते आणि पुढे आलेलं पोट धोक्याचं. नेमका हाच भेद इथे पुसला जातो.

म्हणून एव्हीआय म्हणजे व्यवहारात कमरेच्या घेराचा वर्ग करून दुप्पट केलेला आकडा. त्याचा धोक्याशी संबंध दिसतो, यात शंका नाही. दिसणारच, कारण कमरेचा घेर त्यात जवळजवळ जसाच्या तसा बसलेला आहे. मूळ अभ्यासात २४.५ लिटर ही सीमा सुचवली होती. उलटं गणित केलं की ती साधारण ११० सेंटिमीटर कमरेला येते. ९० सेंटिमीटर कमरेच्या माणसाचा एव्हीआय १६ च्या आसपास असतो. ही सीमा डोळ्यांसमोर ठेवली, तर आपल्याकडचे कितीतरी धोक्यातले लोक निर्धास्त घरी जातील.

दुसरं माप आहे सॅजिटल ॲब्डॉमिनल डायमीटर, थोडक्यात एसएडी. माणसाला पाठीवर झोपवायचं आणि पाठ टेकलेल्या पृष्ठभागापासून पोटाच्या वरच्या टोकापर्यंतची उंची मोजायची. एवढंच. पण यात गुरुत्वाकर्षण आपल्यासाठी काम करतं. झोपल्यावर कातडीखालची सैल चरबी दोन्ही कुशींकडे ओघळते. आतली चरबी स्नायूंच्या भिंतीआड कोंडलेली असते, ती भिंतीला वर ढकलते. स्वीडनमधल्या गोथेनबर्गमध्ये क्विस्ट, शोस्ट्रॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये सीटी स्कॅनवर आतल्या चरबीचं घनफळ मोजलं, तेव्हा त्याचा अंदाज बांधायला ही उंची चांगली उपयोगी पडली.

आता दोन पुरुष कल्पून बघा. दोघांची कंबर झोपलेल्या स्थितीत ९६ सेंटिमीटर. एकाच्या पोटाची उंची २०, दुसऱ्याची २४. पोटाचा छेद लंबवर्तुळ धरला तर पहिल्याची रुंदी साडेएकोणचाळीसच्या आसपास येते, दुसऱ्याची साडेछत्तीसच्या. म्हणजे पहिल्याचं पोट आडवं पसरलं आहे, दुसऱ्याचं वर उभं राहिलं आहे. टेप दोघांना एकच आकडा देतो, आणि नितंब सारखे असतील तर एव्हीआयही एकच. मी रक्तातली साखर आणि ट्रायग्लिसराइड तपासायला आधी दुसऱ्याला पाठवीन.

मोजताना चुका कुठे होतात, ते नीट ऐका. गादीवर मोजू नका. पाठ आत रुतते आणि उंची कमी येते. सतरंजीही काढा, थेट फरशीवर किंवा कडक टेबलावर झोपवा. गुडघे वाकवून तळपाय टेकवायला सांगा, म्हणजे कमरेची कमान सपाट होते. पाय सरळ ठेवले तर पाठीखाली पोकळी राहते आणि तिची भर पोटाच्या खात्यात पडते. बेंबीच्या खुणेवर विसंबू नका. सुटलेल्या पोटात ती खाली सरकते. कमरेच्या हाडाची वरची कड दोन्ही बाजूंनी चाचपा आणि त्या पातळीवर मोजा. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीत २०११ पासून काही वर्षं हे माप घेतलं गेलं, तेही याच पातळीवर, दोन दांड्यांच्या कॅलिपरने. कॅलिपर नसेल तर सुताराची लेव्हल पोटावर आडवी, न दाबता टेकवा, बुडबुडा मधोमध आणा आणि फरशीपासून तिच्या खालच्या कडेपर्यंत उभी पट्टी धरा. नेहमीसारखा श्वास सोडून झाला की वाचा. पोट आत ओढलेलं नको. दोनदा मोजा. दोन आकड्यांत अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक आला, तर झोपण्यात किंवा श्वासात काहीतरी बदललं आहे, पुन्हा मोजा.

या मापाच्याही मर्यादा आहेत. पोटाच्या पुढच्या भागावरची जाड चरबी सगळी कुशीकडे जात नाही, काही मापात येतेच. म्हणून स्त्रियांमध्ये अर्थ लावताना सांभाळावं लागतं. गोथेनबर्गच्या त्या अभ्यासातल्या समीकरणांत पोटाची उंची एका सेंटिमीटरने वाढली की स्त्रियांमध्ये आतली चरबी पुरुषांच्या साधारण निम्मीच वाढलेली दिसते. गरोदरपण, पोटात पाणी होणं, मोठा हर्निया, गॅसने फुगलेलं पोट, यांत हे माप घेऊ नये. जेवणानंतर तर नाहीच. सकाळी, रिकाम्या पोटी घ्यावं.

सीमारेषेचं म्हणाल, तर स्वीडनमधल्या एका अभ्यासात पुरुषांसाठी २२ आणि स्त्रियांसाठी २० सेंटिमीटर सुचवले गेले. जुन्या लेखनात २५ ही दिसतो. स्वीडिश शरीरावर बेतलेला आकडा आपल्यावर जसाच्या तसा लावू नका. कमी वजनातही आतली चरबी साठवणारी आपली ठेवण बघता मी २२ ला सुरक्षित म्हणणार नाही. म्हणून मी कमरेचा ९० आणि ८० चा नियम सोडत नाही, झोपलेल्या पोटाची उंची त्याच्या शेजारी लिहितो. आणि तीन महिन्यांनी तीच फरशी, तीच वेळ आणि मोजणारा माणूसही तोच ठेवून पुन्हा मोजतो.