सोळा पत्त्यांची पेटी

(बेळगावच्या बोर्डगेम क्लबच्या दहाव्या वर्धापनदिनाच्या मेळाव्यात अध्यक्षांनी केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. कुंदा वाटून झालाय, पाऊस काही थांबणार नाही, तेव्हा बोलून घेतो. मागच्या टेबलांवर डाव मांडून ठेवलेत, त्यांच्याकडं पोरांचे डोळे लागलेत ते मला दिसतंय.

दहा वर्षांचा अहवाल सेक्रेटरींनी वाचला. मी अहवाल सांगणार नाही. ही एक पेटी घेऊन आलोय. आपल्या कपाटात सगळ्यात लहान, कोपरे फाटलेली, दोनदा चिकटपट्टी मारलेली. ‘लव्ह लेटर’. सेइजी कनाई नावाच्या जपानी माणसानं केलेला, 2012 सालचा खेळ. आत पत्ते किती, तर सोळा. एवढ्या सोळा पत्त्यांनी आपल्याला जे शिकवलं ते मोठ्या पेट्यांनी शिकवलं नाही, म्हणून आज तिच्याबद्दलच बोलतो.

नवीन आलेल्यांसाठी खेळ थोडक्यात. प्रत्येकाच्या हातात एकच पान. पाळी आली की दुसरं ओढायचं, दोनांतलं एक खेळायचं आणि त्यावर लिहिलेलं करायचं. शेवटी हातात मोठा आकडा असेल तो जिंकला, किंवा बाकीचे बाद झाले तर जो उरला तो. एक नंबरचा शिपाई, तो पाच वेळा आहे: समोरच्याचं पान ओळखायचं, बरोबर आलं तर तो बाद. आठ नंबरची राजकन्या एकच, आणि ती हातातून खाली पडली की तुम्ही बाद. मधे पुजारी, बॅरन, दासी, राजपुत्र, राजा आणि सात नंबरची काउंटेस. एक डाव पाच मिनिटांत संपतो.

आता तो प्रसंग. क्लबचं पहिलंच वर्ष, टिळकवाडीतल्या एका सभासदाच्या घरची वरची खोली, पत्र्यावर पाऊस. टेबलाला चौघं. त्यांत खानापूरकडच्या एक अक्का. मराठी आणि कन्नड दोन्ही फाडफाड बोलणार, दोन्ही लिपी वाचणार, पण इंग्रजी अक्षराशी त्यांचं जमत नव्हतं. आम्ही नियम तोंडी सांगितले, पत्ते मात्र इंग्रजीच. अक्कांच्या हातात काउंटेस होती, ओढला राजपुत्र. काउंटेसचा नियम असा, की सोबत राजा किंवा राजपुत्र आला तर काउंटेसच खाली ठेवावी लागते. अक्कांनी राजपुत्र खेळला. तिघांना काहीच खटकलं नाही. खटकणार कसं, हातातलं दुसरं पान कुणी बघितलंय?

पुढच्या भिडूनं पुजारी खेळला आणि अक्कांचं पान बघितलं. बघतो तर काउंटेस. मधल्या वेळात अक्कांनी पान ओढलेलं नव्हतं, म्हणजे राजपुत्र खेळताना ती हातातच होती. डाव बिघडलाय हे त्याला कळलं, पण बोलायचं कसं? बोलला तर अक्कांचं गुपित पान सगळ्या टेबलाला कळतं, आणि पुजाऱ्यानं बघितलेलं सांगायचं नसतं. बिचारा तोंड दाबून डाव संपेपर्यंत बसला. नंतर सांगितलं तेव्हा अक्का म्हणाल्या, “त्यावर काय लिवलंय ते मला कुठं ठाव? आणि विचारलं असतं तर पान कळलं असतं की!”

मंडळी, हे वाक्य मी डायरीत लिहून ठेवलंय. तोपर्यंत आम्हाला वाटायचं, इंग्रजी येत नसेल तर शेजारच्यानं वाचून दाखवावं. पान टेबलावर उघडं असेल तर वाचून दाखवता येतं. हातातलं असेल तर येत नाही. मजकूर किती आहे यापेक्षा तो लपलेला आहे की उघडा, हे आधी बघायला पाहिजे, ते आम्हाला त्या दिवशी कळलं. बोर्डगेमगीक या वेबसाइटवर प्रत्येक खेळाला भाषा किती लागते याच्या पाच पायऱ्या आहेत, अजिबात लागत नाही इथपासून दुसऱ्या भाषेत खेळताच येत नाही इथपर्यंत. त्या पायऱ्या उपयोगाच्या आहेत, पण बेळगावात एकाच टेबलाला तीन भाषा बसतात, तिथं हा लपलेपणाचा प्रश्न आधी येतो.

मग भाषांतर करायचं ठरलं. पहिला प्रयत्न माझा, म्हणून तो फसला हेही मीच सांगतो. कागदाच्या चिठ्ठ्या लिहिल्या आणि डिंकानं पत्त्यांवर चिकटवल्या. जुलैत ओलीनं त्या सुरकुतल्या. राजकन्येची चिठ्ठी सुटली होती, ती मी पुन्हा चिकटवली, दुहेरी डिंक. दुसऱ्या आठवड्यात आठवीतला एक पोरगा सारखा जिंकायला लागला. कॅट पिसून पालथा पसरला की अंगठा फिरवून फुगीर पान त्याला कळायचं. त्यानं लबाडी केली असं मी म्हणणार नाही. डोळ्यासमोर, म्हणजे अंगठ्याखाली, उत्तर ठेवलं होतं मी.

दुसऱ्या खेपेला पारदर्शक स्लीव्ह, म्हणजे एकेक पान घालायची प्लॅस्टिकची पाकिटं आणली. प्रत्येक पानावर पुढून एक चिठ्ठी, सगळ्या एकाच कागदाच्या, एकाच मापाच्या, वरचा आकडा दिसेल एवढी जागा सोडून. महत्त्वाचं हे, की सोळाच्या सोळा पानांना चिठ्ठी पाहिजे, ज्याला गरज नाही त्यालासुद्धा. नाहीतर जाडीच चुगली करते. चिठ्ठी वरच्या अर्ध्यात मराठी, खालच्या अर्ध्यात कन्नड. झाल्यावर परीक्षा घेतली. त्याच पोराला बसवलं, पत्ते पालथे पसरले आणि राजकन्या उचल म्हटलं, असं दहा वेळा. सोळात एक, म्हणजे दहा खेपांत एखाद्या वेळी सापडली तर चालतं. तीन-चार वेळा सापडली असती तर पुन्हा सगळं उघडून बघितलं असतं. एकदाच सापडली.

अवघड काम पुढं होतं, शब्दांचं. राजपुत्र खेळला की समोरच्यानं हातातलं पान खाली ठेवून नवीन ओढायचं असतं, पण त्या खाली ठेवलेल्या पानाचा परिणाम होत नाही, राजकन्या सोडून. मी लिहिलं होतं, “समोरच्यानं पान टाकावं.” आता आपल्याकडं पत्त्यात पान टाकणं म्हणजेच खेळणं. लोक शिपाई टाकायचे आणि लगेच ओळखायला सुरुवात करायचे. तो दुहेरी अर्थाचा घोटाळा निस्तरायला दोन रविवार गेले. शेवटी ठरवलं, परिणाम होतो तिथं ‘खेळ’, होत नाही तिथं ‘सोड’. कन्नड बघणाऱ्या सरांनी लगेच ‘आडु’ आणि ‘बिडु’ दिलं, आणि मजा अशी की त्यांच्या जोडीनं आमची जोडी पक्की झाली. ‘टाक’ हा शब्द त्या पेटीतून आम्ही हद्दपार केला.

नावांचंही तसंच. बॅरनला सरदार केलं, काउंटेसला सरदारीण. दोघांत गोंधळ व्हायला लागला. मग बॅरन झाला देसाई, या भागात देसाई कोण हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. काउंटेसला शहापूरच्या एका काकूंनी नाव दिलं, आत्याबाई. राजा नाहीतर राजपुत्र खोलीत आला की आत्याबाई रुसून उठून जाते! कन्नडमध्ये ‘अत्ते’, शब्द जवळजवळ तोच. त्या नावानंतर तो नियम कुणी विसरलेला मला आठवत नाही. चिठ्ठी न वाचताच आठवतो. पट्टीचं भाषांतर करणारा कदाचित नाक मुरडेल, पण इथं नावापेक्षा नियम लक्षात राहणं जास्त कामाचं.

एक गोष्ट मात्र शब्दांनी सुटलीच नाही. शिपाई खेळताना नाव मोठ्यानं सांगायचं असतं. राजा, राजपुत्र, राजकन्या, तिन्ही ‘राज’नं सुरू. कन्नडमध्ये राजकुमार आणि राजकुमारी, फरक शेवटच्या अक्षराचा. पत्र्यावर पाऊस वाजत असताना “मी राजकुमार म्हटलं,” “नाही, राजकुमारी म्हटलंस,” यावरून भांडणं. आकडा सांगावा तर कुणी ‘सहा’ म्हणतो, कुणी ‘आरु’. म्हणून आपल्याकडं शिपायाचा अंदाज बोटांनी दाखवतात. हातातलं पान आधी पालथं टेबलावर ठेवायचं, मग दोन्ही हातांची बोटं वर. बाहेरगावचे खेळाडू बघून हसतात. हसू देत.

ही चिठ्ठ्यांची पद्धत कुठवर चालते तेही सांगतो, कारण नवीन कमिटीतल्या उत्साही लोकांच्या मनात काय शिजतंय ते मला माहीत आहे. ‘डॉमिनियन’ला स्लीव्हची गरज पडली नाही. मजकूर भरपूर आहे, पण एका डावात दहाच प्रकारची राज्यपानं आणि ती सगळी टेबलावर उघडी असतात. त्या दहांचा एक कागद प्रत्येकापुढं ठेवला की झालं. कागदाकडं कुणी बघितलं तरी त्याच्या हातात काय आहे ते फुटत नाही. ‘टेराफॉर्मिंग मार्स’ला आम्ही हात घातला. त्यात 208 प्रकल्पपत्ते, प्रत्येक वेगळा, आणि ते हातात लपलेले. चाळिसाव्या पत्त्यापर्यंत आलो आणि सोडलं. काम जास्त होतं म्हणून नव्हे. दोघांनी भाषांतर केलं होतं आणि तीच क्रिया दोन पत्त्यांवर दोन शब्दांत आली होती. असं झालं की खेळाडूला वाटतं नियमही दोन आहेत. शब्दांची यादी आधी पक्की केल्याशिवाय पुन्हा त्याला हात लावू नका. आणि ‘कोडनेम्स’सारखे शब्दांचेच खेळ असतील तर भाषांतर करूच नका. शब्दच नवीन गोळा करा, किंवा चित्रांची पेटी घ्या. ‘काल’ म्हटलं की मराठी माणूस मागच्या दिवसाकडं बघतो आणि शेजारचा कन्नड माणूस पायाकडं.

बाहेर पाट्यांवरून, भाषेवरून काय चालतं त्यावर मी या खोलीत कधी बोललो नाही, आजही बोलत नाही.

शेवटचं, आणि हे कामाचं. ‘लव्ह लेटर’ची नवीन पेटी देणगी म्हणून आली आहे, देणाऱ्यांचे आभार. पण ती 2019 नंतरची आवृत्ती आहे. त्यात सोळा नव्हे, एकवीस पत्ते. शिपाई सहा, दोन नवीन पात्रं, आणि आकडे सरकलेले: राजा सहाचा सात झालाय, आत्याबाई आठ, राजकन्या नऊ. जुन्या चिठ्ठ्या नव्या पत्त्यांवर घातल्या तर आपला बोटांचा हिशेब चुकणार. तेव्हा दोन्ही पेट्या शेजारी ठेवू नका. नव्या चिठ्ठ्यांचा कच्चा मसुदा तीन नंबरच्या टेबलावर आहे. नवीन पात्रांपैकी एक हेर आहे, त्याला मराठी-कन्नड दोन्हीत चालेल असं नाव अजून सापडलेलं नाही. अक्का आज आल्यात, त्या तिथंच बसल्यात. कुणाला सुचलं तर त्यांना सांगा. पेन माझ्याकडं आहे.