कौलारू घराच्या कैच्यांना फुली हवीच

श्रोतेहो, नमस्कार.

गगनबावडा, राधानगरीकडे छोटं कौलारू घर बांधायचं, तर पहिला प्रश्न उताराचा. शिरोळच्या मानाने तिकडे पाऊस कितीतरी जास्त, आणि वाऱ्यामुळे तो तिरपा मारतो. मंगळोरी कौलांना फुटाला ७ इंच चढ द्या, म्हणजे साधारण ३० अंश. घर १६ फूट रुंद असेल, तर अर्धी रुंदी ८ फूट आणि कैचीची, म्हणजे छप्पर पेलणाऱ्या लाकडी त्रिकोणाची, मधली उंची ४ फूट ८ इंच. उतार फार कमी ठेवला की वारा पाणी कौलांच्या सांध्यांतून आत ढकलतो आणि रिपा कुजू लागतात.

समजा, घर २४ फूट लांब आहे. ८-८ फुटांचे तीन खण, चार कैच्या. वळचण धरून अशा छपराला आठशेच्या आसपास कौलं लागतात. कोरडी असतानाच त्यांचं वजन पावणेदोन-दोन टन भरतं. त्या भाराने कैचीच्या दोन तिरप्या लाकडांचे पाय बाहेर फाकू पाहतात आणि खालची तुळई त्यांना धरून ठेवते. म्हणजे तुळईवर ताण असतो. मधला उभा दांडा तुळईवर टेकलेला आहे असं पुष्कळांना वाटतं. खरं तर त्याने तुळई वर धरलेली असते. म्हणून तिथला सांधा नुसत्या खिळ्यांवर सोडू नका, लोखंडी पट्टी आणि बोल्ट घाला.

आता मला जे कळकळीने सांगायचं आहे ते. कैची आपल्या रुंदीत भक्कम असते, पण घराच्या लांबीच्या दिशेने तिला स्वतःचा आधार नसतो. आढं आणि रिपा चारही कैच्यांना जोडतात खऱ्या, पण नुसता चौकोन कलतोच, आणि चारही कैच्या एकाच बाजूला झुकतात. कौलं रिपांवर सुटी बसलेली, त्यांचा इथे उपयोग नाही. चौकोनाला तिरपं लाकूड लागतं.

ते दोन ठिकाणी द्या. शेजारच्या दोन कैच्यांच्या उभ्या दांड्यांमध्ये आढ्याखाली एक फुली. शिवाय दोन्ही टोकांच्या खणांत, दोन्ही पाख्यांना वाशांच्या खालून, भिंतीपासून आढ्यापर्यंत तिरपी पट्टी. प्रत्येक वाशाला ती पक्की ठोकलेली हवी.

जुन्या घरात तपासायचं, तर उभ्या दांड्याच्या माथ्यावरून ओळंबा सोडा. खालच्या टोकाशी दोरी घराच्या लांबीकडे सरकलेली दिसली, तर कैची कललेली आहे. आधी टेकू द्या, मग सुताराला बोलवा.

नव्या घरात फुल्या कौलं चढवण्याआधीच बसवा. आणि कौलं दोन्ही पाख्यांवर बरोबरीने चढवत न्या. एकच पाखा भरून टाकला, तर सगळा भार एका अंगाला येऊन कैचीचे सांधे पहिल्याच दिवशी ढिले होतात.