चौथी खुर्ची बसते, पण बुकिंग वाढत नाही

नमस्कार मंडळी. आज फक्त एका गाळ्याबद्दल बोलायचं ठरवलं आहे. आतून दहा फूट रुंद, बावीस फूट लांब, समोर शटर, मागच्या कोपऱ्यात मोरी. इंदिरानगर, सिडको, पंचवटी, गंगापूर रोडच्या आतल्या गल्ल्या, नाशकात कुठेही गेलात तरी भाड्याने मिळणारा सलूनचा गाळा साधारण याच मापाचा असतो. तो घेणाऱ्या ताई लेडीज सलून काढणार होत्या. त्या स्वतः, एक कसलेली मुलगी आणि धुण्या-पुसण्याला एक हेल्पर, अशी तीन माणसं. आणि मनात पक्कं होतं की चार खुर्च्या बसवायच्या, कारण खुर्च्या जितक्या तितकी बुकिंग.

हे गणित इतकं सरळ वाटतं की कुणी तपासत नाही. आपण तपासू.

आधी माप घेऊ. दलाल सांगतो ते माप सोडून द्या, त्यात जिन्याचा आणि भिंतींचाही वाटा असतो. टेप घेऊन आतल्या भिंतीपासून आतल्या भिंतीपर्यंत मोजा. आरशाखालची फळी, गिऱ्हाइकाचे पाय आणि खुर्ची मिळून भिंतीपासून चार फूट जातात. खुर्चीमागे उभं राहून काम करायला दोन फूट आणि त्या माणसाच्या पाठीमागून दुसऱ्याला जायला तीन फूट. झाले नऊ. उरलेल्या एका फुटात समोरच्या भिंतीवर उथळ कपाट बसतं, बस्स. दहा फुटांत दोन्ही भिंतींना खुर्च्या लावल्या की मधे दोन फूट उरतात. त्यात दोघींच्या पाठी एकमेकींना लागतात आणि मागच्या बेसिनकडे जाणाऱ्या गिऱ्हाइकाला दोघींना थांबवूनच जावं लागतं. अशी सलून्स मी पाहिली आहेत. तिथे कात्री चालताना धक्का लागतो, याची मला खरोखर भीती वाटते. म्हणून दहा फुटी गाळ्यात खुर्च्या एकाच भिंतीला.

आता लांबी बघा. पुढचे पाच फूट दार, काउंटर आणि बसायच्या जागेला जातात. मागचे सहा फूट बेसिनला जातात: डोकं मागे टेकवून धुवायचं युनिट चार फूट लांब आणि धुणाऱ्या हेल्परला त्याच्या मागे उभं राहायला दोन फूट. मधे उरले अकरा. त्यात चार खुर्च्या म्हणजे एकीला पावणेतीन फूट. ब्लो ड्राय करताना गोल ब्रश ओढला की कोपर शेजारच्या गिऱ्हाइकाच्या कानाशी जातं. तीन खुर्च्या लावल्या तर प्रत्येकीला तीन फूट आठ इंच येतात. कटिंगला चालतं, लांब केसांच्या ब्लो ड्रायला अडचण होते. दोन लावल्या तर साडेचार-साडेचार फूट ऐसपैस मिळतात आणि दोन फूट शिल्लक राहतात.

दोन खुर्च्या म्हटल्यावर ताईंचा चेहरा उतरला. साहजिक आहे, भाडं तेवढंच द्यायचं. म्हणून आम्ही रविवारचे अकरा ते दोन हे तीन तास कागदावर मांडले. आपल्याकडे कितीतरी घरांत मंगळवार, गुरुवार, शनिवारी केस कापत नाहीत, त्यामुळे गर्दी रविवारवर येऊन पडते. आखणी करायची ती त्या तीन तासांसाठी. बुधवारी दुपारी कुठलाही आराखडा पुरतो.

तीन तास म्हणजे १८० मिनिटं. हात दोघींचे, म्हणजे ३६० मिनिटं. कटिंगला हाताची ३५ मिनिटं लागतात, धुणं हेल्पर करते. रूट टचअपला लावायला ३०, मग रंग चढेपर्यंत ३५ मिनिटं थांबणं, मग धुणं, मग ब्लो ड्रायला २५. म्हणजे रंगाच्या गिऱ्हाइकाला हात लागतात ५५ मिनिटं, पण खुर्ची अडते ९० मिनिटं. मधली ३५ मिनिटं ती बाई आरशासमोर मोबाईल बघत बसलेली असते आणि तुमची सर्वांत महागडी जागा तिच्याखाली असते.

चार कटिंग आणि तीन रंग धरा. हात लागतात ३०५ मिनिटं. दोघींकडे ३६० आहेत, मधे केस झाडायला, कपडा बदलायला थोडा वेळ उरतो, म्हणजे काम बसतं. खुर्च्या मात्र ४१० मिनिटं अडतात आणि दोन खुर्च्यांकडे आहेत ३६० मिनिटं. इथे तिसरी खुर्ची हवीशी वाटते. पण खरी गरज बसायच्या जागेची आहे, आरसा-फळीसकट पूर्ण स्टेशनची नाही. रंग लावून झाला की त्या बाईला उठवून दुसऱ्या साध्या खुर्चीवर बसवा. हायड्रॉलिक नको, मोठा आरसा नको. पाठ टेकता यावी, शेजारी पर्स अडकवायला हुक आणि मोबाईल चार्ज करायला प्लग असावा. हुक विसरू नका. पर्स आरशापाशी राहिली की ती बाई परत तिथेच येऊन बसते. ही जागा आम्ही मागे बेसिनच्या शेजारी काढली, कारण रंग थापलेल्या डोक्याने रस्त्यावरच्या काचेसमोर बसायला कुठल्याच बाईला आवडत नाही. रंगाचा वास तिथेच राहतो, म्हणून एक्झॉस्टही तिथेच.

आता स्टेशनवर फक्त हाताचा वेळ पडतो: ३०५ मिनिटं, दोन खुर्च्यांच्या ३६० मध्ये. तीच सात बुकिंग ऐसपैस दोन स्टेशनवर बसली. उरलेल्या दोन फुटांत, पुढच्या बाजूला, थ्रेडिंगची एक खुर्ची आली. दहा मिनिटांच्या भुवयांसाठी मोठं स्टेशन अडवणं हा लेडीज पार्लरमधला नेहमीचा तोटा आहे आणि तो एका छोट्या खुर्चीने थांबतो.

समजा हट्टाने चार स्टेशन केली, तिसरी मुलगी ठेवली. हात दीडपट झाले, म्हणजे बुकिंगही सातावरून दहा-अकरा व्हायला हवीत. पण प्रत्येक गिऱ्हाईक बेसिनवर जातं. दहा मिनिटं धुणं, पाच मिनिटं टॉवेल बांधणं, बेसिन पुसणं, जाळीतले केस काढणं, अशी पंधरा मिनिटं. अकरा गिऱ्हाइकं म्हणजे १६५ मिनिटं, आणि बेसिन एकच, त्याच्याकडे १८० मिनिटं. एकीने हेअर स्पा सांगितला, बेसिनवर वीस मिनिटं जास्त गेली, की मागची सगळी रांग कोलमडते. हेल्परलाही तीन तासांत झाडू हातात घ्यायला सवड नाही. चौथी खुर्ची अडते ती बेसिनपाशी. दुसरं बेसिन घालायचं तर रंगाची खुर्ची आणि सामानाची जागा जाते. या गाळ्याची मर्यादा इथे आहे आणि ती भाडं ठरवण्याआधी कळायला हवी.

बेसिनची जागा मनासारखी निवडता येत नाही, हेही लक्षात घ्या. दोन इंची पाइपला फुटामागे पाव इंच उतार द्यावा लागतो. मोरीपासून बारा फूट लांब बेसिन नेलं तर नुसता उतारच तीन इंच झाला, त्यात पाइपची जाडी. मग फरशीवर ओटा उचलावा लागतो आणि ओल्या डोक्याने गिऱ्हाईक पायरी उतरतं. त्यात गाळा भाड्याचा, बहुतेक करार अकरा महिन्यांचे. खुर्च्या, आरसे उचलून नेता येतात. जमिनीत गाडलेला पाइप मालकाकडे राहतो. म्हणून बेसिन मोरीलगतच, बाकीची मांडणी त्याच्या अनुषंगाने.

गरम पाण्याचंही तसंच. नाशिकची थंडी तुम्हाला माहीत आहे. दोन किलोवॅटचा १५ लिटरचा गीझर डिसेंबरात गार पाण्यापासून पुरता तापायला वीस मिनिटं घेतो, आणि आपल्या बेसिनवर दर पंधरा मिनिटांनी गिऱ्हाईक येतंय. पहिल्या दोघींना बरं पाणी मिळतं, तिसरी कुडकुडते. २५ लिटरचा घ्या, आधी तापवून ठेवलेला साठा गर्दीत उपयोगी पडतो. गीझर, दोन ड्रायर आणि दीड टनी एसी एकदम चालले तर भार साडेसहा किलोवॅटच्या आसपास जातो. वीजबिलावर मंजूर भार लिहिलेला असतो, तो करार करण्याआधी बघून घ्या.

आराखडा कितीही नीट असला तरी अकराला दोन आणि साडेअकराला दोन अशी बुकिंग घेतलीत तर दोघी एकदमच बेसिनवर पोचतात. वहीत पंधरा-पंधरा मिनिटांचे रकाने आखा आणि एका रकान्यात एकच सुरुवात लिहा. रंगाचं बुकिंग आधी, कटिंग नंतर. पहिल्या बाईचा रंग चढत असताना त्याच हातांनी कटिंग निघतं. दोन रंग एका पाठोपाठ घेऊ नका, कारण थांबायची जागा एकच आहे.

सलून चालू झाल्यावर काय कमी पडतंय ते एका रविवारी उभं राहून दिसतं. धुवायची वाट बघणाऱ्या बायका बसून असतील तर बेसिन कमी पडतंय. स्टेशन रिकामं आहे आणि पुढे गिऱ्हाईक थांबलंय, तर हात कमी आहेत. तिथे आणखी खुर्ची म्हणजे नुसता खर्च. मुली मोकळ्या उभ्या आहेत आणि सगळ्या खुर्च्या भरलेल्या, तर आणि तरच जागा कमी आहे. तेव्हाही आधी बघा की खुर्चीवर बसलेल्यांपैकी रंग चढायची वाट कोण बघतंय.

हे सगळं रंगकाम आणि धुणं भरपूर असलेल्या सलूनचं आहे. दाढी-कटिंगच्या जेंट्स दुकानात मधे थांबणं नसतं, दर गिऱ्हाईक धुतही नाही. तिथे जितके कारागीर तितक्या खुर्च्या, साडेतीन फुटांच्या अंतराने, आणि याच गाळ्यात तीन आरामात बसतात.

करारावर सही करण्याआधी मालकाकडून एक तासभर किल्ली मागा. खडू, टेप आणि दोन घडीच्या खुर्च्या घेऊन जा. फरशीवर बेसिन, स्टेशन, वाट खऱ्या मापात आखा. एकीला खुर्चीवर बसवा, एकीला मागे ड्रायर धरल्यासारखं उभं करा, आणि तिसरीने हातात बादली घेऊन शटरपासून मोरीपर्यंत चालत जावं. कुणाला सरकावं लागलं तर रेघ पुसा, परत आखा. आणि प्लंबर बेसिनची लाइन टाकेल त्याच दिवशी त्या लाइनला दुसरं एक तोंड काढून बूच मारून ठेवायला सांगा. पुढे दुसरं बेसिन बसवायची वेळ आली तर फरशी पुन्हा फोडावी लागत नाही.