एका बोकडाचा हिशेब

(दृश्य: सभेची जागा. लोक अजून येत आहेत. पुढे एक फळा, त्यावर खडूने काढलेला शेळीचा आराखडा.)

निवेदन : सभेत बोलायला तो पहिल्यांदाच उभा राहतो आहे. सत्तावीस वर्षांचा आहे आणि घरी अकरा शेळ्या आहेत. गावातल्या घरांनी मिळून शेळीपालनाचा गट करावा, एवढंच त्याला सांगायचं आहे. गट म्हटला की कर्ज, शेड आणि विक्रीची चर्चा होणार, असं धरूनच लोक बसले होते. त्याने मात्र सुरुवात एका प्रश्नाने केली.

"तुमच्या शेळीच्या करडाचा बाप कोण, हे किती जणांना माहीत आहे?"

सभेत थोडी कुजबुज झाली, पण हात एकही वर झाला नाही. तो म्हणाला, "मलाही माहीत नव्हतं. त्याच अडाणीपणाचं नुकसान मी चार वर्षं सोसलं."

(दृश्य: त्याचा गोठा. दावणीला शेळ्या, एका कोपऱ्यात तीन लहान करडं.)

निवेदन : चार वर्षांपूर्वी त्याच्याकडे पाच शेळ्या होत्या. त्यातल्या एका शेळीचं नर करडू अंगाने भरलेलं होतं, म्हणून त्याने ते विकलं नाही. ते मोठं झालं आणि घरच्याच शेळ्यांवर जाऊ लागलं. त्यात त्याची आई होती, बहिणी होत्या, आणि पुढे त्याच्या स्वतःच्या पाटीही आल्या. पाट म्हणजे मादी करडू. पहिल्या वर्षी काही वेगळं दिसलं नाही. दुसऱ्या वर्षी जुळी कमी झाली. तिसऱ्या वर्षी करडं हातात घेतली की हलकी लागायची, उभी राहायला वेळ घ्यायची, आणि पहिल्याच आठवड्यात दोन-तीन दगावायची. त्याने खुराक वाढवला, जंताचं औषध पाजलं, गोठ्यात चुना टाकला, तरी फरक पडला नाही.

पुढचा भाग त्याने सभेला सावकाश सांगितला. अशक्त करडं दिसली की लगेच बोकडाला दोष देता येत नाही. गाभण शेळीला शेवटचे दीड-दोन महिने खाणं कमी पडलं, तरी करडं अशीच होतात, कारण पोटातल्या करडाची बरीचशी वाढ त्याच दिवसांत होते. मग कारण ओळखायचं कसं? त्याने खुराक तोच ठेवला आणि दोन शेळ्या बाहेरच्या, नात्यात नसलेल्या बोकडाकडे नेल्या. त्या शेळ्यांची करडं भरलेली निघाली. घरच्या बोकडाची तशीच बारकी राहिली. तेव्हा कुठे त्याची खात्री पटली.

(दृश्य: फळा. तो रेघा ओढून नाती दाखवतो आहे.)

"बाप आणि मुलगी, आई आणि मुलगा, सख्खे भाऊ-बहीण, या जोड्यांतून झालेल्या करडात सरासरी चौथा हिस्सा रक्त दोन्हीकडून तेच येतं. घराण्यात दडलेला दोष अशा ठिकाणी वर येतो. आपल्यापैकी कुणी हे मुद्दाम करत नाही. चार शेळ्यांच्या माणसाला चांगला बोकड परवडत नाही, म्हणून तो घरचाच ठेवतो."

निवेदन : गट का हवा, याचं खरं उत्तर इथे आहे. एक चांगला बोकड पंचवीस-तीस शेळ्यांना पुरतो. चार शेळ्यांसाठी वर्षभर त्याला पोसणं अंगावर येतं. शेळ्या सात-आठ घरांच्या झाल्या की तोच खर्च वाटला जातो.

ही सोय शेजाऱ्याशी बोलूनही होईल, असं कुणाला वाटेल. पण गावातल्या शेळ्या एकाच रानात चरतात. एका घराने बाहेरचा बोकड ठेवला, तरी शेजारच्या घरचं पाच महिन्यांचं नर करडू कळपात मोकळं असतं, आणि नर करडू चौथ्या महिन्यातच शेळी गाभण करू शकतं. एवढंसं दिसतं, म्हणून कुणाचं लक्ष जात नाही. त्यामुळे एकट्यादुकट्याचा करार टिकत नाही. रानात सोबत चरणाऱ्या सगळ्या घरांनी नर करडं चौथ्या महिन्याआधी वेगळी बांधली किंवा खच्ची करून घेतली, तरच निवडलेल्या बोकडाचा काही उपयोग.

(दृश्य: पाठीमागून एक बाई विचारतात.)

"अरे पण बोकड कुणाच्या दारात बांधणार? वास येतो. आणि चारा कोण टाकणार?"

"मावशी, मी बांधतो माझ्याकडे. चारा सगळ्यांनी पाळीपाळीने द्यायचा. माजावर आलेली शेळी तुम्ही आणायची, बोकड घरोघर फिरवायचा नाही."

निवेदन : ही अट ऐकायला साधी वाटते, पण खूप काही तिच्यावर अवलंबून आहे. बोकड घरोघर फिरला तर खरूज आणि ताप एका गोठ्यातून दुसऱ्यात जातात. म्हणून नवा बोकड आला की 21 दिवस वेगळा बांधायचा, आणि त्याआधी पशुवैद्याकडून ब्रुसेलाची रक्तचाचणी करून घ्यायची. हा रोग शेळीचा गाभ टाकवतो आणि माणसालाही लागतो. गाभ टाकलेली शेळी तपासल्याशिवाय बोकडाकडे आणायची नाही, आणि पडलेल्या गाभाला उघड्या हाताने कुणी शिवायचं नाही. या दोन वाक्यांच्या वेळी त्याचा आवाज चढला, आणि ते योग्यच होतं.

(दृश्य: सभेसमोर एक शेळी आणि दोन बोकड उभे केले आहेत. तो हाताने दाखवतो आहे.)

निवेदन : बोकड कसा निवडायचा, यावर त्याने सगळ्यात जास्त वेळ घेतला. तो जुळ्यातला असावा. त्याची आई भरपूर दूध देणारी असावी. पाय सरळ हवेत, कारण पाय दुखणारा बोकड शेळीवर चढत नाही. दोन्ही अंडगोळ्या सारख्या आकाराच्या आणि हाताला घट्ट लागल्या पाहिजेत. खालचे दात वरच्या हिरडीला नीट टेकले पाहिजेत, नाहीतर चारा नीट ओढला जात नाही.

त्यानंतरची गोष्ट आम्हालाही नवीन होती. बोकड आणि शेळी दोघंही जन्मतः बिनशिंगी असतील, तर त्यांच्या काही माद्या अर्धवट निपजतात. त्या दिसायला धड नर नसतात, धड मादी नसतात, आणि कधीच गाभण राहत नाहीत. बिनशिंगीपणाचा गुण आई-बाप दोघांकडून आला की हे घडतं. म्हणून जोडीतला निदान एक जण शिंगाचा असावा. बिनशिंगी शेळ्या सांभाळायला सोप्या म्हणून लोक मुद्दाम ठेवतात. अशा घरांनी बोकड शिंगाचाच घ्यायचा.

(दृश्य: फळ्यावर महिने लिहिलेले. दोन ओळी, वरची आळी आणि खालची आळी.)

निवेदन : मग त्याने हिशेब मांडला. समजा पंधरा घरं आली आणि मिळून 60 शेळ्या झाल्या. दोन आळ्यांत तीस-तीस शेळ्या आणि प्रत्येक आळीला एक बोकड. पहिल्या महिन्यात बोकड आले. शेळी साधारण 150 दिवसांत विते, म्हणजे सहाव्या महिन्यात पहिली करडं. त्यातल्या पाटी पुढच्या दहा महिन्यांत अंगाने भरून फळवायच्या होतात. याचा अर्थ सोळाव्या महिन्याच्या आसपास बोकडासमोर त्याच्या स्वतःच्या मुली उभ्या राहणार. म्हणून पंधराव्या महिन्यात दोन आळ्यांच्या बोकडांची अदलाबदल करायची. पाट कधी कधी सातव्या-आठव्या महिन्यातही माजावर येते. अशी पाट अदलाबदल होईपर्यंत बांधून ठेवायची. लवकर फळवलेल्या पाटीची वाढही खुंटते.

"मग पुन्हा पंधरा महिन्यांनी परत बदलायचे का?" पुढच्या रांगेतल्या एका काकांनी विचारलं.

"नाही काका. तेव्हा पहिला बोकड परत आला, तर तो तिथल्या पाटींचा आजोबा निघेल. दुसऱ्या वेळी दोन्ही विकायचे आणि बाहेरून नवे आणायचे. अडीच वर्षांत बोकड जातो, असं आत्ताच मनाशी धरून चालायचं. तो कितीही देखणा असला तरी."

निवेदन : हा हिशेब चालायचा असेल तर एक वही लागते. कोणती शेळी, कोणता बोकड, कोणती तारीख. शेळी 10 जूनला लावली तर ती 7 नोव्हेंबरच्या आसपास विणार. तारीख माहीत असली की शेवटच्या दोन महिन्यांचा वाढीव खुराक वेळेवर सुरू होतो आणि विण्याच्या रात्री कुणीतरी जवळ असतं. शेळी साधारण 21 दिवसांनी पुन्हा माजावर आली, तर ती राहिली नाही. शेपूट सतत हलवणं, ओरडणं, चाऱ्यावरून लक्ष उडणं, दुसऱ्या शेळीवर चढणं, या माजाच्या खुणा. माज दीड दिवसापर्यंत टिकतो. सकाळी दिसला तर संध्याकाळी न्यायची, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी. एकाच बोकडाकडे बऱ्याच शेळ्या पुन्हापुन्हा उलटू लागल्या, तर शेळ्यांना औषध देत बसू नका, आधी बोकड तपासून घ्या.

लसीबद्दल तो थोडकं बोलला. पीपीआर या शेळ्यांच्या जीवघेण्या साथीची लस चौथ्या महिन्यापासून टोचता येते आणि तिचं संरक्षण वर्षानुवर्षं टिकतं. पण पंधरापैकी पाच घरांनी ती टाळली, तर रोगाला रानात वाट मिळते आणि त्या घरांची नवी करडं आधी जातात. वही एक असली की दिवसही एकच ठरतो.

(दृश्य: सभा उठायच्या बेतात. वही उघडलेली. लोक एकेक करून घरच्या शेळ्यांचा आकडा सांगत आहेत.)

निवेदन : नऊ घरांनी नावं दिली. चार घरांनी विचार करतो म्हटलं. त्यांचीही करडं याच रानात चरतात, म्हणून तो दुसऱ्या दिवशी त्यांच्या दारात जाणार होता.

सगळ्यात शेवटी एक आजी पुढे आल्या. त्यांच्याकडे शेळ्या तीनच, आणि एक आठ महिन्यांचा बोकड. आई मेल्यावर आजींनी त्याला बाटलीने वाढवलेला. हाक मारली की तो चरता चरता धावत येतो. गेले काही महिने सगळ्या रानात तोच फिरला, हे त्यांना सभा ऐकताना उमगलं होतं.

"माझ्या तिन्ही शेळ्या लिही," त्या म्हणाल्या. "आणि डॉक्टर कधी येणार ते सांग. त्याला खच्ची करायचं तर मला त्याच्याजवळ बसायचं आहे."

त्याने वहीत तीन शेळ्या लिहिल्या, आणि त्याखाली गुरुवार, सकाळी आठ.